सुगंधी मेणबत्ती : आधी ज्योत बघा, मग लेबल

सुगंधी मेणबत्ती घेताना दुकानात हल्ली पहिला प्रश्न येतो तो मेणाचा. सोया आहे की पॅराफिन? सोया म्हणजे चांगलं आणि पॅराफिन म्हणजे विषारी, अशी सरळ वाटणी लोकांच्या मनात बसली आहे. मेणाचा दर्जा महत्त्वाचा आहेच आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे. पण घरातल्या हवेत काय मिसळतं हे मेणाच्या नावापेक्षा ज्योत कशी जळते यावर जास्त ठरतं, असं या विषयावरचं उपलब्ध संशोधन वाचून माझं मत झालं आहे. तीच मेणबत्ती एका घरात स्वच्छ जळते आणि दुसऱ्या घरात दोन तासांत काचेची कड काळी करते. फरक पडतो तो वातीच्या लांबीचा, डोक्यावरच्या पंख्याचा आणि ती किती वेळ पेटती ठेवली याचा.

काजळी कुठून येते ते आधी पाहू. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली. ज्योतीच्या आतल्या काळसर भागात काचेची नळी धरून त्यांनी तिथली वाफ बाहेर काढून दाखवली होती. त्यातून दिसलं की मेण घन किंवा पातळ अवस्थेत जळत नाही. ते वितळतं, वातीतून वर चढतं, उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. वाफेला पुरता प्राणवायू मिळायच्या आत तिचे रेणू तुटतात आणि कर्बाचे बारीक कण तयार होतात. ज्योतीचा पिवळा उजेड म्हणजे हेच तापून चमकणारे कण. म्हणजे प्रत्येक पिवळ्या ज्योतीत काजळ तयार होतंच. ज्योत नीट असेल तर ते टोकाला पोचेपर्यंत जळून जातं. ज्योत फार उंच झाली किंवा हलली, तर ते न जळता निसटतं. आपल्याकडे डोळ्यांत घालायचं काजळ धरताना हेच करत असत. एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर तांब्याचं भांडं इतकं खाली धरायचं की ज्योतीचं टोक त्याला लागावं. कण जळायच्या आत थंड पृष्ठभागावर अडकतात आणि भांड्याला काजळ धरतं. तेल शुद्ध होतं तरी काजळ मिळत असे, कारण ज्योत मध्येच अडवलेली असे.

यातून घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा निघते. पांढरी चिनी मातीची बशी ज्योतीत धरू नका, ती कुठल्याही मेणबत्तीने काळी होईल. ज्योतीच्या टोकापासून वीतभर वर, चिमट्याने किंवा सांडशीने पकडून, मिनिटभर धरा. नीट जळणाऱ्या मेणबत्तीने बशी नुसती गरम होते. त्या उंचीवरही तिच्यावर करडा डाग उमटला, तर काजळ ज्योतीतून निसटून खोलीत जात आहे. युरोपात मेणबत्तीच्या काजळीची जी प्रमाणित चाचणी आहे, तिचं तत्त्वही हेच आहे. मेणबत्तीच्या वर काच ठेवतात आणि काजळीमुळे त्या काचेतून जाणारा उजेड किती घटला ते मोजतात.

ज्योतीची उंची ठरवते ती वात. वात जितकी लांब, तितकी मेणाची वाफ जास्त, ज्योत उंच आणि काजळ जास्त. म्हणून प्रत्येक वेळी पेटवण्याआधी वात कापायची आणि मेणाच्या वर साधारण ६ मिलिमीटर ठेवायची. सोप्या मापाने सांगायचं तर करंगळीच्या नखाच्या लांबीपेक्षा थोडी कमी. हे काम मेणबत्ती पूर्ण थंड आणि मेण घट्ट झाल्यावर करा. कात्री खोल बरणीत आडवी जात नाही, तेव्हा नखं कापायचं नेलकटर किंवा वात कापायची वाकड्या पात्याची कात्री बरी पडते. कापलेला तुकडा मेणावर पडू देऊ नका. तो तिथे राहिला तर वितळलेल्या मेणात तरंगत ज्योतीपाशी येतो आणि दुसरी वात होऊन पेटतो.

जळून गेलेल्या वातीच्या टोकाला कधी कधी अळंबीच्या छत्रीसारखा काळा गोळा धरलेला दिसतो. वातीला जितकी वाफ झेपते त्याहून जास्त मेण ती ओढत आहे, असा त्याचा अर्थ. सुगंधी मेणबत्तीत हे जास्त होतं. सुगंधी तेलातले जड घटक मेणाइतके सहज जळत नाहीत आणि वातीच्या टोकाला साचतात. दोन-तीन तासांनी थोडा गोळा दिसणं नेहमीचं आहे, तो पुढच्या वेळी कापून टाका. पण पहिल्या अर्ध्या तासातच मोठा गोळा धरत असेल तर त्या बरणीला वात जाड बसली आहे किंवा सुगंधी तेल बेताबाहेर घातलं आहे. हा दोष बनवणाऱ्याकडचा, तो कात्रीने कायमचा सुटत नाही. उलट चूकही होते. वात अगदी मेणापर्यंत कापली की ज्योत वितळलेल्या मेणात बुडते आणि विझते. मग थोडं पातळ मेण कागदाने टिपून घेऊन वात मोकळी करावी लागते.

वात बरोबर असूनही ज्योत नाचत असेल तर काय? हा आपल्या घरांतला खास प्रश्न आहे, आणि परदेशी मेणबत्तीच्या डब्यावर छापलेल्या सूचना वाचून तो पुरता लक्षात येत नाही. तिथल्या घरात छताला पंखा गरगरत असेलच असं नाही. आपल्याकडे मार्चपासून दिवाळीपर्यंत बहुतेक घरांत तो फिरतच असतो. ज्योत हलली की तिच्या भोवतीचा हवेचा ठरलेला प्रवाह मोडतो, कुठे ती ताणली जाते, कुठे थंड होते आणि काजळ अर्धवट जळून निसटतं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये मेणबत्तीच्या धुराच्या अभ्यासात जळण्याच्या तीन अवस्था वेगळ्या केल्या. शांत जळताना निघणारे कण अतिशय सूक्ष्म असतात आणि ते मुख्यतः वातीतल्या क्षारांचे असतात. ज्योत हलवली की कर्बाचं काजळ सुटतं. विझवल्यानंतर वात धुमसत राहते तेव्हा मेणाची वाफ थंड होऊन तिचे कण होतात. ही विभागणी ध्यानात ठेवली तर बाकीचे बहुतेक नियम आपोआप सुचतात.

म्हणजे पंखा बंद करून, खिडक्या लावून मेणबत्ती लावायची का? तसंही नाही. मेणबत्ती पंख्याच्या आणि एसीच्या झोताबाहेर कोपऱ्यात ठेवा, पंखा शक्य तितका कमी ठेवा आणि एक खिडकी फट ठेवून उघडी असू द्या. पडद्यापासून, पुस्तकांच्या कपाटापासून आणि वरच्या फळीपासून तिला किमान फूटभर लांब ठेवा. अमेरिकेतल्या आगींच्या नोंदी ठेवणाऱ्या एनएफपीए या संस्थेच्या विश्लेषणात मेणबत्तीने लागलेल्या घरगुती आगींपैकी पाचातल्या सुमारे तीन आगी जळणारी वस्तू फार जवळ होती म्हणून लागलेल्या दिसतात. विझवल्यानंतर मात्र खिडकी सताड उघडा आणि पंखा पूर्ण वेगाने लावा.

आता वेळेचा हिशेब करू. बाजारात सहज मिळणारी २०० ग्रॅम मेणाची, ७.५ सेंटिमीटर रुंद तोंडाची बरणी घ्या. अशी मेणबत्ती तासाला अंदाजे ५ ग्रॅम मेण जाळते, म्हणजे नीट वापरली तर ती चाळीसेक तास पुरते. पहिल्यांदा पेटवताना मेण काचेच्या कडेपर्यंत वितळू द्यायचं असतं. कारागिरांचा ठोकताळा असा की रुंदीच्या दर इंचाला एक तास, म्हणजे या बरणीला तीन तास. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात विझवली तर मध्येच खळगा पडतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी मेण त्याच खळग्यापुरतं वितळतं. ज्योत खोल विहिरीत गेल्यासारखी आत जाते, तिला वरून हवा कमी मिळते आणि ती धुरकट जळू लागते. म्हणजे खळगा पडणं हा केवळ मेण वाया जाण्याचा प्रश्न नाही, तो काजळीचाही आहे.

वरची मर्यादा चार तासांची. त्याहून जास्त वेळ जळली की वातीला गोळा धरतो, मेणाचं तळं खोल होतं, वात त्यात कलंडते आणि ज्योत एका बाजूची काच तापवते. चार तासांनी विझवा, पूर्ण थंड होऊ द्या, वात कापा आणि हवं तर पुन्हा पेटवा. बरणीच्या तळाशी अर्धा इंच, म्हणजे साधारण सव्वा सेंटिमीटर मेण उरलं की ती मेणबत्ती संपली असं समजा. पैसे वसूल करायला लोक शेवटच्या थेंबापर्यंत जाळतात, पण तळाचं मेण ज्योतीची उष्णता शोषून घेत असतं. ते संपलं की उष्णता थेट काचेला लागते आणि काच तडकते. नारळाच्या करवंटीतल्या आणि रंगवलेल्या लाकडी वाटीतल्या मेणबत्त्या दिसायला सुरेख असतात, पण तिथे भांडंच जळू शकतं. त्या मी घरात पेटवणार नाही.

एका खोलीचं उदाहरण हिशेबाने पाहू. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा असते. वरची बरणी एक तास जळली, पण वात लांब आणि ज्योत धुरकट. हिशेबासाठी धरू की दर ग्रॅम मेणामागे १ मिलिग्रॅम काजळ सुटलं. तासाला ५ मिलिग्रॅम झालं. खोली पूर्ण बंद असेल आणि सगळं हवेतच राहिलं तर दर घनमीटरला सुमारे १४७ मायक्रोग्रॅम होतात. भारताच्या राष्ट्रीय मानकात सूक्ष्म कणांची २४ तासांची सरासरी मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. तासाभराचा आकडा आणि दिवसभराची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खरं. खोलीची हवाही थोडीफार बदलत असते. तरी बंद झोपायच्या खोलीत एक धुरकट मेणबत्ती काय करू शकते याचा अंदाज यातून येतो. खिडकी किंचित उघडी ठेवली आणि वात कापली की हाच आकडा झपाट्याने खाली येतो.

इथे उदबत्तीचा विषय टाळता येत नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत एक ग्रॅम उदबत्ती जळली की ४५ मिलिग्रॅमहून जास्त कण निघतात असं आढळलं होतं. सिगारेटचे सुमारे १०. उदबत्ती ज्योतीने जळत नाही, ती धुमसते. देवघरात रोज उदबत्ती लावायची आणि मेणबत्तीच्या धुराची धास्ती घ्यायची, हा हिशेब जुळत नाही. दोन्ही एकाच वेळी एकाच बंद खोलीत लावणं मात्र टाळावं, विशेषतः घरात दम्याचा माणूस, तान्हं मूल किंवा पाळलेला पक्षी असेल तर. डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठात सौम्य दमा असलेल्या तरुण-तरुणींना मेणबत्तीच्या आणि स्वयंपाकाच्या धुरात ठेवून तपासलं, तेव्हा त्यांच्यात त्रासाची आणि दाहाची चिन्हं दिसली.

आता पॅराफिन. हे मेण कच्च्या तेलातून येतं. वंगण तेल बनवताना थंड करून जो मेणकट भाग वेगळा काढतात, त्यात सुरुवातीला बरंच तेल असतं, कधी ५ टक्के तर कधी ३० टक्क्यांपर्यंत. ते पुन्हा पुन्हा गाळून आणि शेवटी हायड्रोजनची प्रक्रिया करून तेल, गंधक आणि बेंझिनच्या जातीची संयुगं काढून टाकतात. पूर्ण शुद्ध केलेल्या मेणात तेल अर्धा टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी उरतं. व्यापारात याला ‘फुल्ली रिफाइंड’ म्हणतात, त्याखालच्याला ‘सेमी रिफाइंड’. आपल्याकडे आसाममधली दिग्बोईची रिफायनरी जुनी, १९०१ पासूनची. तिथल्याच नुमालीगडच्या रिफायनरीत २०१५ पासून मोठा मेण प्रकल्प चालतो. म्हणजे चांगलं पॅराफिन देशात बनतं. अडचण येते ती किमतीत चार पैसे वाचवायला तेलकट, अर्धशुद्ध मेण वापरलं जातं तेव्हा.

अशा मेणाचं लक्षण काय? शुद्ध पॅराफिन पांढरं, किंचित पारदर्शक, कोरडं आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. तेलकट मेण पिवळसर दिसतं, बोटाला चिकट लागतं आणि त्याला रॉकेलसारखा वास येतो. बिनवासाच्या साध्या मेणबत्तीचा तुकडा टिपकागदावर उन्हात ठेवला तर कागदावर तेलाचा डाग पसरतो. सुगंधी मेणबत्तीला ही परीक्षा लावता येत नाही, कारण सुगंधी तेलही डाग पाडतं. तिथे दुसरी चिन्हं बघायची. न पेटवताच वरच्या पृष्ठभागावर घामासारखे थेंब येतात का? उग्र सुगंधाच्या खालून रॉकेलचा वास डोकावतो का? वात कापलेली, हवा शांत, तरी ज्योत काळा धूर सोडते का? तिन्ही उत्तरं होकारार्थी असतील तर ती बरणी पुन्हा पेटवू नका.

यावरचं संशोधन मात्र लोक समजतात तितकं एकतर्फी नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या परिषदेत मांडलं की पॅराफिनच्या मेणबत्त्यांतून टोल्यूइनसारखी द्रव्यं निघाली, सोयाच्या मेणबत्त्यांतून निघाली नाहीत. त्यावरून जगभर मथळे झाले. अधूनमधून मेणबत्ती लावणाऱ्याला याने अपाय होईल असं त्या संशोधकांचंही म्हणणं नव्हतं. त्यांना काळजी होती ती वर्षानुवर्षं रोज किंवा बंद न्हाणीघरात वारंवार जाळणाऱ्यांची. त्याआधी २००७ मध्ये जर्मनीत बायरॉइट इथल्या प्रयोगशाळेने पॅराफिन, सोया, पाम, स्टिअरिन आणि मधमाश्यांचं मेण जाळून पाहिलं, तेव्हा त्यांच्या धुरात लक्षणीय फरक आढळला नाही. त्या चाचणीला मेणबत्ती उद्योगाच्या संघटनांचा पैसा होता, हे वाचकाने लक्षात ठेवायला हवं. मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये नंतर झालेल्या मोजण्यांत पॅराफिनच्या शुद्धतेचा परिणाम धुरावर होतो असं दिसलं.

हे सगळं एकत्र ठेवलं तर मला असं दिसतं की शुद्ध पॅराफिन आणि शुद्ध सोया यांतला फरक घरगुती वापरात थोडा आहे. शुद्ध आणि अशुद्ध पॅराफिनमधला फरक मोठा आहे. बेंझिन हे माणसात कर्करोग घडवणारं द्रव्य म्हणून जागतिक यादीत आहे, पण त्याच्या जातीचे रेणू कुठल्याही मेणाच्या धुरकट ज्योतीत तयार होऊ शकतात, कारण काजळ त्यांच्यातूनच बनतं. म्हणून सोयाची मेणबत्ती लांब वातीने आणि पंख्याखाली जाळणारा माणूस नीट कापलेल्या वातीची चांगली पॅराफिन मेणबत्ती लावणाऱ्यापेक्षा वाईट हवा घेत असेल. शिवाय ‘सोया’ लिहिलेल्या बरणीत सोया आणि पॅराफिन यांचं मिश्रण अनेकदा असतं.

सुगंधाविषयी एकच गोष्ट सांगण्यासारखी. वास मुख्यतः ज्योतीतून येत नाही, तो वितळलेल्या मेणाच्या तळ्यावरून उडतो. मोठी ज्योत जास्त सुगंध देत नाही, उलट सुगंधाचा काही भाग जाळून टाकते. ज्यांना फक्त वास हवा आहे आणि धूर मुळीच नको, त्यांनी बरणी वरून तापवणारा विजेचा दिवा वापरावा. त्यात मेण वितळतं पण काहीच जळत नाही. डोकं दुखवणारी सुगंधी द्रव्यं त्यातूनही हवेत येतात, म्हणून मायग्रेन असलेल्यांना त्याचा उपयोग मर्यादित.

विझवताना फुंकर मारू नका. फुंकरीनंतर वात धुमसते आणि जो पांढरा धूर निघतो तो मेणाच्या वाफेचा असतो. इतका की त्या धुरालाच काडी लावली तर ज्योत धुरावरून खाली वातीवर उतरते. एखाद्या तारेने वात वितळलेल्या मेणात क्षणभर बुडवा आणि लगेच सरळ उभी करा. धूर जवळजवळ होत नाही आणि वातीला मेण लागून ती पुढच्या वेळी नीट पेटते. कधी तळ्यातल्या मेणानेच पेट घेतला, म्हणजे वातीऐवजी सगळा पृष्ठभाग जळू लागला, तर त्यावर पाणी ओतू नका. तापलेलं मेण उसळून चोहीकडे उडतं. स्टीलची ताटली वर झाका आणि थंड होईपर्यंत उचलू नका.

वातीच्या आत धातूची तार दिसली तर तीही तपासा. अमेरिकेने २००३ मध्ये शिशाच्या तारेच्या वातींवर बंदी घातली, कारण जळताना शिसं हवेत येत होतं. न जळलेल्या वातीचं टोक सोलून तार पांढऱ्या कागदावर घासा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर शिसं असण्याची शक्यता आहे आणि ती मेणबत्ती टाकून द्यावी.

शेवटी हे बनवणाऱ्यांसाठी. पुण्या-मुंबईत आणि गावोगावच्या बचत गटांतही आज अनेक जणी घरी सुगंधी मेणबत्त्या बनवून विकतात. सुकलेल्या गुलाबपाकळ्या, दालचिनीच्या काड्या, चमकी यांनी वरचा भाग सजवू नका, ज्योत तिथवर पोचली की त्या पेट घेतात. बरणीची रुंदी, मेण, वात किंवा सुगंधी तेल यांतलं काहीही बदललं की त्या जोडीची एक मेणबत्ती चार-चार तासांच्या टप्प्यांत शेवटपर्यंत जाळून बघा आणि काच, ज्योतीची उंची व काजळी यांची नोंद ठेवा. डब्यावर मेणाचा प्रकार, वात किती कापायची, एका वेळी किती तास जाळायची आणि कधी थांबायचं या चार गोष्टी मराठीत छापा.